तिसऱ्या घंटेच्या आत

एके काळी ज्याच्याशी किंवा जिच्याशी रोज बोलल्याशिवाय दिवस जात नव्हता आणि आता वर्षानुवर्षं बोलणं नाही, असं माणूस अचानक समोर उभं राहिलं तर ते कुठे राहावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. लिफ्टमध्ये राहू नये. लिफ्टमध्ये "अरे, तू इथे कसा?" तळमजल्यावर होतं, "बाकी मजेत ना?" पहिल्या मजल्यावर, आणि उरलेले सात मजले दोघंही दारावरचे लाल आकडे इतक्या एकाग्रतेने वाचतात की जणू तिथे बोर्डाचा निकाल लागणार आहे.

डेक्कन क्वीन त्याहून वाईट. ही गाडी पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते आणि सीएसएमटीला दहा पंचविसाला पोचते. शेजारच्या सीटवर जुना जिवलग निघाला, तर चौकशी शिवाजीनगरला सुरू होते, लोणावळ्याला विषय संपतात आणि पुढे अख्खा घाट उरतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा वेळी सरळ झोपेचं सोंग घेतलं. शेजारचाही सोंगच घेतोय हे त्यांना कटलेटवाला आला तेव्हा कळलं. दोघांनी एकदमच डोळे उघडले, एकदमच "एक कटलेट" म्हटलं, आणि खाऊन झाल्यावर पुन्हा आपापल्या झोपेत गेले.

लग्नात निसटायला जागा असते, पण व्हिडिओवाला नेमका तेव्हाच तुमच्यावर झोत मारतो आणि तुमचं ते ओशाळं हसू नवरा-नवरीच्या संसारात कायमचं जमा होतं. डॉक्टरांच्या वेटिंग रूमबद्दल तर बोलायलाच नको. दोघांच्या मांडीवर रिपोर्टच्या फायली असताना "मजेत!" म्हणायला फार मोठा नट लागतो.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे मराठी नाटकाचं मध्यंतर. ते दहा मिनिटांचं असतं असं म्हणतात; प्रत्यक्षात वडे संपेपर्यंत चालतं. सभोवती गर्दी असते, हातात काहीतरी खायला असतं, बोलायला नाटकाचा विषय आयता असतो ("पहिला अंक जरा लांबलाय, नाही?"), आणि मुख्य म्हणजे घंटा असते. पहिली घंटा झाली की बोलणं आवरतं घ्यायचं, दुसरीला "चला" म्हणायचं, तिसरीला अंधार. जगात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी निरोप घ्यायची वेळ झाली हे सांगायला असा सरकारी कर्मचाऱ्यासारखा निर्विकार आवाज उपलब्ध नाही.

मला हे सुचलं ते अनुभवातून. दादरच्या शिवाजी मंदिरला रविवारचा चारचा प्रयोग होता. महिना फेब्रुवारीचा. मी आणि बायको. मध्यंतरात मी वड्याच्या रांगेत आणि ही चहाच्या, अशी आमची नेहमीची वाटणी. रांगेत एका पाठमोऱ्या बाईंचा मान वाकडी करून पैसे मोजण्याचा प्रकार मला ओळखीचा वाटला. माणसाचा चेहरा बदलतो, केस जातात, चष्मा येतो. पाकिटातले पैसे मोजण्याची पद्धत बदलत नाही.

त्यांचं खरं नाव सांगण्यात अर्थ नाही. सोयीसाठी सुनंदा म्हणू. आमच्या वर्गात एकही सुनंदा नव्हती, तेव्हा कुणावर बालंट नको. १९९१-९२ साली आम्ही कीर्ती कॉलेजात होतो आणि आमचं जे काही होतं ते 'होतं' एवढंच इथे पुरे. ते संपलं तेही काही भांडून नव्हे. तिचं लग्न ठरलं, मला नोकरी नव्हती, आणि दोघांनीही या योगायोगाबद्दल फारशी तक्रार केली नाही.

अशा भेटीत पहिली पायरी असते ती पाहूनही न पाहण्याची. इथे कौशल्य लागतं. खिशातून मोबाइल काढायचा, त्यात काहीतरी महत्त्वाचं आल्याचा चेहरा करायचा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून समोरच्यानेही मोबाइल काढलाय का ते बघायचं. काढला असेल तर प्रश्न मिटला. दोघंही सुज्ञ आहेत, आपापल्या खुर्चीत जाऊन बसतील. पण एकदा नजरेला नजर मिळाली की माघार नाही. त्यानंतर मोबाइल काढणं हा अपमान होतो. नजर मिळण्याआधी तो शिष्टाचार असतो. दोन्हींत अंतर फार तर अर्ध्या सेकंदाचं.

मला ते अर्धं सेकंद मिळालं नाही, कारण माझ्या एका हातात कागदी बशी होती आणि दुसऱ्या हातातला वडा मी नुकताच तोंडात घातला होता. नाट्यगृहातला वडा कढईतून थेट बशीत येतो. वरचं आवरण वरवर निवलेलं असतं आणि आतला बटाटा जसाच्या तसा धगधगत असतो. तो जिभेवर टेकला की माणूस काही काळ वाचेला मुकतो. गिळता येत नाही, टाकता येत नाही, तोंड उघडं ठेवून "हा... हा... हा..." अशी वाफ बाहेर सोडत राहायचं, एवढंच हाती असतं. नेमकी तेव्हा ती वळली.

"अरे! तू!"

"हा... हा... हा..." मी म्हणालो.

"काही बदलला नाहीस," ती म्हणाली. "तसाच मोकळा हसतोस."

कॉलेजात मी मोकळा हसत होतो, हे मला त्या दिवशी कळलं. वडा खाली उतरेपर्यंत तिचे यजमान आले. उंच, पांढऱ्या मिशा, अंगात फिकट निळा शर्ट, हातात दोन चहा. मागोमाग आमची हीसुद्धा दोन चहा घेऊन आली. आता चार माणसं, चार चहा आणि दोन बशा असा तो देखावा झाला. नमस्कार करायला कुणाचाच हात मोकळा नव्हता, हे फार बरं झालं. हात जोडायचा की पुढे करायचा की नुसती मान हलवायची, हा पेच अशा भेटीत अर्धा जीव घेतो. प्रत्येकाने आपला चहा किंचित वर केला आणि ओळख झाली असं धरून चाललो.

दुसरी पायरी ओळख करून देण्याची. इथे मराठी मध्यमवर्गाने एक फार सोयीचा निवारा बांधून ठेवलाय. त्याचं नाव 'ग्रुप'.

"हा माझ्या कॉलेजमधला. आमचा एक ग्रुप होता," सुनंदा म्हणाली.

"अच्छा, अच्छा," यजमान म्हणाले. "मोठा होता का ग्रुप?"

"होता ना. पण बाकीचे फारसे यायचे नाहीत."

हे वाक्य तिने चहाचा घोट घेता घेता इतक्या सहज टाकलं की मला तिच्याबद्दल जुना आदर पुन्हा वाटला. आमच्या हिने मात्र माझ्याकडे एक नजर टाकली. हिला सगळं माहीत आहे. लग्नाआधीच मी सांगून टाकलं होतं. ही तेव्हा "बरं" म्हणाली होती आणि ते 'बरं' तिने कपाटात जपून ठेवलंय. वर्षातून एखाद्या वेळी, मी वाद जिंकायच्या बेतात असलो की ते बाहेर निघतं.

तिसरा पेच हाका मारण्याचा. तिच्या नवऱ्यादेखत तिला 'तू' म्हणावं तर जिव्हाळा दिसतो, 'तुम्ही' म्हणावं तर काहीतरी लपवतोय असं वाटतं. मग माणूस आपोआप अशी वाक्यं बोलू लागतो की ज्यांत समोर कुणी आहे की नाही हेच कळू नये. "मग, सध्या राहणं कुठे?" "मुलुंडला." "असं का! आणि नोकरी वगैरे?" "झाली रिटायरमेंट मागच्या वर्षी, घेतली लवकर." "वा. म्हणजे आता आरामच." असं बराच वेळ आम्ही कर्त्याशिवाय बोललो. जनगणनेचा माणूसही याहून जास्त आपुलकीने विचारतो.

मग मुलं. पन्नाशीत अशा भेटीचा मुख्य भाग म्हणजे मुलांची देवाणघेवाण. खरं तर ती हिशेबाची पडताळणी असते, पण कौतुकाच्या आवाजात करायची. तिचा मुलगा जर्मनीत एमएस करतोय. आमची मुलगी पुण्यात आर्किटेक्चरला. मी "पुण्यात" हा शब्द जर्मनीच्या तोडीचा व्हावा म्हणून जरा जोर देऊन उच्चारला. "अरे वा, छान!" दोन्ही बाजूंनी झालं. माझ्या मते यात बरोबरी सुटली. हिच्या मते एका गुणाने ते पुढे आहेत.

यानंतरची पायरी धोक्याची. आईवडिलांची चौकशी. चाळिशीपर्यंत "आईबाबा कसे आहेत?" हा सगळ्यात निर्धोक प्रश्न असतो. पन्नाशीनंतर तो जपून विचारावा लागतो, कारण उत्तर काहीही येऊ शकतं आणि हातात वडा असताना त्या उत्तराला लायक चेहरा करता येत नाही. मी तिच्या आईबद्दल विचारलं नाही. तिच्या घरी मी गेलेलो फक्त एकदा, नोट्स द्यायच्या निमित्ताने, आणि त्या माउलीने मला पोह्यांवर खोबरं घालून दिलं होतं. तीच म्हणाली, "आई गेली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत." मी नुसतं "अरेरे" म्हणालो. तिने मान हलवली. त्या एका क्षणापुरतं आम्हा दोघांचं नाटक थांबलं होतं, एवढं खरं. यजमानांनी तिच्या हातातली बशी हळूच आपल्याकडे घेतली. ते मला आवडलं.

"बाबा आहेत पण ठणठणीत," तिने लगेच सूर बदलला. "डोंबिवलीला, भावाकडे. तुझी आठवण काढतात कधीकधी."

"माझी?" मी दचकलो. तिच्या वडिलांशी माझा परिचय होता तो फक्त टेलिफोनवरचा, आणि तोही माझ्या खऱ्या नावाने नव्हे. मोबाइल नव्हते. मी नाक्यावरच्या लाल डब्यात रुपयाचं नाणं टाकायचो, पलीकडून ती बोलली तर बोलायचो, वडील बोलले तर आवाज घोगरा करून विचारायचो, "जोशी आहेत का?" ते म्हणायचे, "राँग नंबर." खाडकन फोन ठेवायचे. माझं एक नाणं जायचं आणि त्यांची दुपारची झोप.

"अजून विचारतात," सुनंदा म्हणाली, "त्या मुलाला शेवटी जोशी सापडले का?"

आमची ही इतकी हसली की तिच्या चहाचे चार थेंब यजमानांच्या निळ्या शर्टावर उडाले. यजमानांना विनोद कळला नव्हता, पण शर्टाचं त्यांनी मनावर घेतलं नाही. मी त्यांना समजावून सांगणार, एवढ्यात पहिली घंटा झाली. देवासारखी धावून आली म्हणतात ती हीच.

आता निरोप. याचे संवाद ठरलेले आहेत आणि ते ठरल्याप्रमाणेच म्हणावेत, पदरची भर घालू नये.

"या ना एकदा घरी."

"नक्की. तुम्हीही या."

"फोन कर."

"हो, हो. करतोच."

यातली खुबी अशी की पत्ता कुणी विचारत नाही आणि नंबर कुणी देत नाही. नंबर न देणं हा या भेटीचा प्राण आहे. "या" म्हणण्यात माया असते आणि पत्ता न देण्यात शहाणपण. दोन्ही पक्षांना हा करार मान्य असतो. पाच-सात मिनिटांत आपण जिवंत आहोत, बऱ्यापैकी आहोत आणि मनात काही नाही, एवढं एकमेकांना कळवायचं आणि मागे खूण न ठेवता पांगायचं. फोन नंबर म्हणजे खूण. तो घेतला की दिवाळीला फुलांचे मेसेज सुरू होतात, मग संक्रांतीला तिळगूळ, मग रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो. तिथपर्यंत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांना परतीचा मार्ग नसतो.

आम्ही दुसऱ्या घंटेला पांगलो. तिसरीला अंधार झाला. इतकी नेटकी भेट माझ्या आयुष्यात झाली नव्हती. खुर्चीत बसल्यावर ही हळूच म्हणाली, "छान आहे."

"कोण?"

"नाटक."

दुसऱ्या अंकात काय झालं ते मला नीटसं सांगता येणार नाही. कुणीतरी मृत्युपत्र बदललं बहुतेक.

मध्यंतराच्या भेटीत एकच खोट आहे: मध्यंतरानंतर नाटक संपतं. आणि ते संपलं की सगळी माणसं एकाच वेळी, एकाच दाराने बाहेर पडतात. दाराशी सुनंदा आणि यजमान आमच्या पुढेच होते. सुंदर निरोप घेऊन झाल्यावर तेच माणूस पुन्हा भेटणं ही फार अवघड गोष्ट. सगळे संवाद वापरून झालेले असतात. मी "अच्छा!" म्हणालो. ती "अच्छा अच्छा!" म्हणाली. आम्ही रस्त्यावर आलो आणि डावीकडे वळलो. तेही डावीकडे वळले.

शिवाजी मंदिरहून निघालेला माणूस रविवारी संध्याकाळी कुठे जाणार? स्टेशनवर. आम्हाला कांदिवली, त्यांना मुलुंड. मी हिला कुजबुजलो, "आपण जरा थांबूया का? साडीबिडी बघायची असेल तर बघ." पंचवीस वर्षांच्या संसारात मी स्वतःहून साडीचं नाव काढल्याचा हा पहिला प्रसंग, आणि ही म्हणाली, "आज नको, पाय दुखतात." मग आम्ही चौघं फेरीवाल्यांच्या मधून, फुलबाजाराच्या दिशेने, कधी दोघं पुढे दोघं मागे, कधी एकामागोमाग एक असे निघालो. दादरच्या गर्दीत जोड्या टिकत नाहीत. थोड्या वेळाने पाहतो तर पुढे ही आणि यजमान, मागे मी आणि सुनंदा.

आमच्याकडचे विषय मध्यंतरातच संपले होते. पुढच्या दोघांचं मात्र रंगात आलं होतं. ज्यांचा काहीच भूतकाळ नसतो त्यांना बोलायला किती मोकळं असतं! कानावर तुकडे येत होते. "आमच्याच बागेतला." "नाही हो, बाजारातला काय, वरून पिवळाधमक आणि आतून आंबट." "देठाशी वास घेऊन बघायचा. वास नाही तर आंबा नाही." "पहिली तोड कधी निघते?" "मार्चअखेर." यजमान मूळचे देवगडकडचे निघाले, आणि आमची ही हापूसच्या बाबतीत कुठल्याही मोहाला बळी पडू शकते.

पुलावर चढताना सुनंदा एकदम म्हणाली, "आठवतं? एक नंबर."

आठवायला काय झालं. आमचं पहिलं ठरवून भेटणं दादरच्या एक नंबर फलाटावर, इंडिकेटरखाली होतं. तेव्हा दादरला दोन एक नंबर होते, एक पश्चिम रेल्वेचा आणि एक मध्य रेल्वेचा. मी पश्चिमच्या एक नंबरवर तासभर उभा होतो आणि ती मध्यच्या. दुसऱ्या दिवशी दोघंही एकमेकांवर फुरंगटून बसलो होतो. ती आठवडाभर बोलली नाही, आणि चूक मात्र रेल्वेची होती.

रेल्वेने ती सुधारली ९ डिसेंबर २०२३ रोजी. पश्चिमचे एक ते सात तसेच ठेवले आणि मध्यचे आकडे आठपासून पुढे चौदापर्यंत केले. मध्यचा एक आता आठ झालाय. कामात उशीर होतो हे मान्य, पण तीस वर्षं म्हणजे जरा जास्तच.

"आता चुकायची सोय नाही," ती म्हणाली.

"काय नाही?" यजमानांनी मागे वळून विचारलं.

"काही नाही. फलाटाचं चाललंय."

"हां, ते एक बरं केलं रेल्वेने," यजमान मनापासून म्हणाले. "पूर्वी फार घोळ व्हायचा."

"व्हायचा ना," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

पुलावर आमच्या वाटा खरोखरच वेगळ्या होणार होत्या. आता तिसरा निरोप. मी सावध होतो. "अच्छा, या मग," एवढंच म्हणायचं आणि जिना उतरायचा. पण आमची ही कुठे? ती कठड्याला टेकून, चष्मा कपाळावर चढवून, मोबाइलमध्ये काहीतरी लिहीत होती आणि यजमान आकडे सांगत होते. "नऊ आठ दोन..." "पुढे?" एकेक आकडा माझ्या काळजात उतरत होता. मग हिने मिस्ड कॉल दिला. त्यांच्या खिशात 'सुखकर्ता दुःखहर्ता' वाजलं. "आला," ते म्हणाले. मी सुनंदाकडे पाहिलं. तीही माझ्याइतकीच हताश दिसत होती. दोघांनी मिळून नेटाने पाळलेला करार दुसऱ्याच दोघांनी देठाचा वास घेण्याच्या नादात मोडला होता.

गाडीत जागा मिळाल्यावर मी हिला म्हणालो, "नंबर कशाला घ्यायचा?"

"तुझ्यासाठी नाही घेतला. आंब्यासाठी घेतलाय."

मार्च उजाडला तसा हिचा फोन वाजू लागला. आधी मोहोराचा फोटो आला, मग कैऱ्यांचा, मग पेटीत गवत घालून मांडलेल्या फळांचा. त्याखाली यजमानांचा निरोप: "वहिनी, पाच डझनाची बाजूला काढलीय. पोचवायला माणूस नाही, मुलुंडहून न्यावी लागेल." मी जायला नकार दिला. ही म्हणाली, "मग मी जाते आणि त्यांच्याशी बोलत बसते, तुझ्या जोशींबद्दल." मी गेलो. सुनंदाने दार उघडलं आणि माझ्या मागे बघून विचारलं, "ही नाही आली? तिला रेसिपी द्यायची होती आंबापोळीची." यजमानांनी आतून हाक मारली, "या, या! बसा. सासरे आलेत डोंबिवलीहून." दिवाणावर एक वयस्कर गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोण, जोशी का?"

मी "हो" म्हणालो.